हॅव यू कट, डू यू कट, आर यू कटिंग : एकाच कापण्याचे इतके प्रश्न कसे ओळखायचे?

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली. आमची केळीची बाग आहे आणि यंदापासून माल बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला देतो. हे दिवसभर बागेत असतात, म्हणून फोन माझ्याकडे. त्यांच्या माणसाचे निरोप इंग्रजीत येतात. माझं शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. अक्षरं वाचता येतात, शब्द कळतात, पण वाक्य कळत नाही.

मागच्या आठवड्यात निरोप आला, 'हॅव यू कट द बंचेस?' मला 'यू', 'कट' आणि 'बंचेस' कळलं. वाटलं, विचारतायत की तुम्ही घड स्वतः कापता का. आम्हीच कापतो, म्हणून मी 'येस' पाठवलं. दोन तासांत गाडी दारात! झाडावरचा एकही घड उतरवलेला नव्हता. गाडी रिकामी परत गेली आणि भाडं आमच्या नावावर पडलं.

नंतर जुने निरोप उघडून बघितले. एकात 'डू यू कट ऑन संडे?' आहे, एकात 'आर यू कटिंग नाउ?' आणि तिसरा हा 'हॅव यू कट' वाला. मला तिन्ही सारखेच वाटतात. पुढचा छोटा शब्द बदलला की काय बदलतं? अगदी पहिलीतल्या मुलीला सांगाल तसं सांगा.

चोपडा_दूधवाला
ताई, रावेरला केळीला सध्या भाव काय चालू आहे? आमच्याकडे व्यापारी काहीही सांगतो.

केळीबाग_रावेर
दादा, भावाचा वेगळा धागा आहे वर. इथे इंग्रजीचं विचारलंय.

तापीकाठ_नंदुरबार
वहिनी, सोपं आहे. इंग्रजीत 'डू' म्हणजे आपलं 'का'. आपण 'का' शेवटी लावतो, ते सुरुवातीला लावतात. तुम्ही कापता का, डू यू कट. झालं. मी याच्यावर दहावी काढली.

शिरपूरची_ताई
मी गेली काही वर्षं संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवते, अगदी मुळाक्षरांपासून. रावेरच्या ताई, तुमची चूक झाली ती सगळ्यांत फसव्या क्रियापदावर झाली, हे आधी सांगते. 'कट' या शब्दाला रोजचं रूप, कालचं रूप आणि तिसरं रूप वेगळं नाही. तिन्ही 'कट'च. त्यामुळे वाक्याच्या शेपटाकडे बघून काही कळत नाही. सगळी बातमी त्या पुढच्या छोट्या शब्दातच असते, आणि नेमका तोच आपण वाचताना सोडून देतो.

म्हणून क्षणभर 'कट' बाजूला ठेवा आणि 'ईट' म्हणजे खाणं घ्या. 'डू यू ईट?' म्हणजे तुम्ही खाता का, एरवी, सवयीनं. 'आर यू ईटिंग?' म्हणजे आत्ता खाताय का. 'हॅव यू ईटन?' म्हणजे खाऊन झालंय का. बघा, इथे शेपूटही बदललं : ईट, ईटिंग, ईटन. पुढचा शब्द मागच्याचं रूप ठरवतो. 'डू' आला की मागे कोरं क्रियापद. 'आर' आला आणि माणूस काही करत असला की मागे आयएनजी. 'हॅव' आला की मागे तिसरं रूप.

आता तुमचे तीन निरोप परत वाचा. 'डू यू कट ऑन संडे?' रविवारी तुमच्याकडे कापणी असते का. 'आर यू कटिंग नाउ?' आत्ता माणसं बागेत कापतायत का. 'हॅव यू कट द बंचेस?' घड कापून तयार आहेत का. तिसऱ्याला 'येस' म्हटलं की तो गाडी पाठवणारच, कारण तुम्ही त्याला 'माल तयार आहे' असं सांगितलंत.

नंदुरबारचे दादा, 'डू म्हणजे का' हे पहिल्या प्रश्नाला चालतं. पण 'आर यू कटिंग'मध्येही मराठीत 'का' आहे, तिथे डू कुठे आहे? आणि 'वी डू नॉट कट ऑन संडे' यात 'का' नाही, तरी डू आहे. म्हणजे डूचं मराठीत भाषांतर होत नाही. त्याला अर्थ नाही, त्याला काम आहे.

तापीकाठ_नंदुरबार
काम म्हणजे कोणतं काम? अर्थच नाही तर शब्द ठेवलाय कशाला?

यार्डवाले_भुसावळ
हे मी सांगतो. रेल्वेत सारी नोकरी शंटिंगमध्ये गेली, माझ्या डोक्यात हे इंजिन-डब्यांनीच बसलं.

'ही इज गोइंग' ही इंजिन लावलेली गाडी समजा. 'इज' हे इंजिन, 'गोइंग' हा डबा. प्रश्न करायचा म्हणजे इंजिन सोडवून पुढे न्यायचं : 'इज ही गोइंग?' 'हॅज'चंही तसंच. 'ही हॅज गॉन', 'हॅज ही गॉन?' इंजिन पुढे गेलं, डबा जागेवर राहिला.

आता 'ही गोज' घ्या. याला वेगळं इंजिनच नाही. ही मेमू गाडी आहे, मोटर डब्यातच बसवलेली. तो 'गोज'मधला शेवटचा 'ज', तीच मोटर. मग पुढे न्यायचं काय? म्हणून बाहेरून एक इंजिन आणायचं, त्याचं नाव डू. आणि इंजिन लावलं की डब्यातली मोटर बंद करावी लागते. दोन्ही एकदम चालवायची नाहीत. म्हणून 'डझ ही गो?' मोटरीचा 'ज' इंजिनात गेला, डू चा डझ झाला, आणि मागे कोरा 'गो' राहिला. 'डझ ही गोज' म्हणणं म्हणजे इंजिनही सुरू आणि मोटरही सुरू.

शिरपूरची_ताई
यार्डवाले काका, हे मी उद्याच्या वर्गात सांगणार. तुमच्या परवानगीनं!

यार्डवाले_भुसावळ
खुशाल सांगा. मुलीला असंच शिकवलं, ती आता बँकेत आहे.

धुळ्याचा_पोर
माझा प्रश्न पण याच्यातच बसतो बहुतेक. मी एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. साहेबांनी विचारलं, 'व्हेअर डिड यू वर्क बिफोर?' मी म्हटलं, 'आय डिड वर्क्ड इन अ गॅरेज.' ते हसले नाहीत, पण परत विचारलं. मला वाटलं की प्रश्नात डिड आहे तर उत्तरात पण पाहिजे. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? धुळ्यात चांगला कोणता?

पारोळा_गुरुजी
बाळा, क्लासचं नंतर बघ. आधी चूक समजून घे. डू, डझ, डिड ही प्रश्नात आणि नकारात येतात. साध्या होकारी वाक्यात ती निघून जातात, आणि भूतकाळ परत क्रियापदात येऊन बसतो. 'व्हेअर डिड यू वर्क?' उत्तर 'आय वर्क्ड इन अ गॅरेज'. नकार असता तर 'आय डिड नॉट वर्क'. मी जिल्हा परिषद शाळेत पस्तीस वर्षं फळ्यावर एकच गोष्ट लिहीत आलो : भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच. डिडवर ठेवली तर 'वर्क्ड' नको, 'वेन्ट' नको. 'डिड यू गो', 'डिड यू वेन्ट' कधीच नाही.

बी, म्हणजे ॲम-इज-आर, आणि हॅव मात्र होकारी वाक्यातही जागेवरच असतात. 'आय ॲम वर्किंग', 'आय हॅव वर्क्ड'. प्रश्न आला की तेच पुढे सरकतात, नकार आला की त्यांच्यालगत मागे 'नॉट' बसतो. मुलं लिहितात 'आय नॉट गो'. नॉटला टेकायला काहीतरी लागतं, एकटा उभा राहत नाही. 'आय डू नॉट गो', 'आय ॲम नॉट गोइंग', 'आय हॅव नॉट गॉन'.

धुळ्याचा_पोर
गुरुजी, समजलं. म्हणजे डिड आला की 'वर्क', डिड गेला की 'वर्क्ड'. पण मी 'आय डिड वर्क' असं ऐकलंय कुठेतरी. ते चूक?

पारोळा_गुरुजी
ते चूक नाही, पण जोर देताना म्हणतात. कुणी म्हणालं तू काम केलंच नाहीस, तर 'केलंय हो मी!' या सुरात 'आय डिड वर्क!' तिथेही बघ, मागे कोरं 'वर्क'च आहे. मुलाखतीत साधं 'आय वर्क्ड' म्हण.

अमळनेरची_मावशी
मला इंग्रजी फार येत नाही, नातवाबरोबर शिकतेय. पण वाचताना लक्षात आलं ते लिहिते. आपल्या अहिराणीत हे तिन्ही आधीच वेगवेगळं आहे. 'तो कापस' म्हणजे तो कापतो, रोजचं. 'तो कापी ऱ्हायना' म्हणजे आत्ता कापतोय. 'त्यानी कापेल शे' म्हणजे कापून झालंय. (गावागणिक थोडं बदलतं, आमच्याकडे असं.)

'कापस'ला 'शे' लागत नाही. म्हणजे इंग्रजीतही तिथे 'इज' लागायला नको. माझा नातू आधी 'ही इज कट' लिहायचा रोजच्या गोष्टीला. मी त्याला म्हटलं, बाळ, आपण 'तो कापस शे' म्हणतो का रे? नाही ना? मग 'ही कट्स' लिही.

शिरपूरची_ताई
मावशी, तुम्ही मुळावरच बोट ठेवलंत. मराठी माणसाची सगळ्यांत मोठी अडचण 'आहे' ही आहे. आपण म्हणतो 'मी शेतकरी आहे', 'मी जात आहे', 'मी गेलो आहे', 'माझ्याकडे गाय आहे'. चारही ठिकाणी 'आहे'. मग मुलं चारही ठिकाणी 'ॲम' किंवा 'इज' लावतात. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी ॲम, पुढच्या दोन ठिकाणी हॅव. 'आय ॲम अ फार्मर', 'आय ॲम गोइंग', 'आय हॅव गॉन', 'आय हॅव अ काउ'.

गेलो आहे, कापलं आहे, खाल्लं आहे, अशी पूर्ण झालेली गोष्ट असेल तर 'आहे' दिसलं तरी 'इज'कडे हात न्यायचा नाही. तुमच्या अहिराणीतही 'कापेल शे'मध्ये 'शे' आहे, त्यामुळे तिथे अहिराणी बोलणाराही फसतो. मी वर्गात असं सांगते की काम झालं की ते पदरात पडलं. पदरात आहे म्हणजे हॅव. गाय पदरात, कापलेले घडही पदरात.

अमळनेरची_मावशी
पदराचं आवडलं. आता लक्षात राहील. आज भरीत केलंय, 'आय हॅव' काय म्हणायचं, सांगा कुणी.

धुळ्याचा_पोर
'आय हॅव मेड भरीत.' मावशी, मी येऊ का अमळनेरला?

अमळनेरची_मावशी
ये की. कळण्याची भाकरी पण आहे.

केळीबाग_रावेर
मंडळी, खूप कळलं. एक शंका. ह्यांनी काल रात्री एक जुना निरोप दाखवला : 'आर द बनानाज कट?' यात 'आर' आहे, पण मागे 'कटिंग' नाही. शिरपूरच्या ताईंनी तर आर आला की आयएनजी सांगितलं होतं.

यार्डवाले_भुसावळ
टाइप करताना आयएनजी राहिलं असेल. आरच्या मागे आयएनजीच येतं.

शिरपूरची_ताई
नाही काका, वाक्य बरोबर आहे. म्हणूनच मी 'माणूस काही करत असला की' असं लिहिलं होतं, पण घाईत पुढचं सांगितलं नाही. ताई, या निरोपात आधी कोण आलंय ते बघा. 'यू' नाही, 'बनानाज' आले. केळी स्वतः काही कापत नाहीत, ती कापली जातात. कर्त्याच्या जागी असा सोसणारा आला की बीच्या मागे तिसरं रूप येतं. 'आर द बनानाज कट?' केळी कापलेली आहेत का. 'आर द बॉक्सेस पॅक्ड?' खोकी भरलेली आहेत का. 'बनानाज आर कटिंग' झालं असतं तर केळ्यांनीच विळा हातात घेतला असता!

म्हणजे बीच्या दोन जोड्या आहेत. करणाऱ्याबरोबर आयएनजी, सोसणाऱ्याबरोबर तिसरं रूप. हॅवला तिसरं रूप, डूला कोरं. याच्यापलीकडे सुरुवातीला काही पाठ करायला नको.

यार्डवाले_भुसावळ
बरोबर, मान्य. 'द इंजिन इज रिपेअर्ड' असं आमच्याकडे रजिस्टरला असायचं, तेव्हा ते आठवलं नाही.

चोपडा_दूधवाला
भावाचा धागा वाचून आलो, आता इथेच थांबलो. मला हे सांगा, गाडी आहे का असं विचारायचं तर 'हॅव यू अ ट्रक' की 'डू यू हॅव अ ट्रक'? हॅव तर स्वतःच इंजिन आहे ना, मग त्याला डू कशाला?

पारोळा_गुरुजी
दोन्ही बरोबर. आमच्या पाठ्यपुस्तकात 'हॅव यू अ पेन?' असंच होतं आणि आम्ही तेच शिकवलं.

शिरपूरची_ताई
गुरुजी, तुमच्या पिढीला ते शिकवलं हे खरं, आणि जुन्या ब्रिटिश इंग्रजीत ते चालायचं. पण नव्या मुलांना मी 'डू यू हॅव अ ट्रक?' हेच सांगते. चोपड्याचे दादा, 'आय हॅव अ ट्रक'मध्ये हॅव मदतनीस नाही, तो मालकी सांगणारं मुख्य क्रियापद आहे, गो किंवा कट यांच्यासारखं. मागे दुसरं क्रियापदच नाही, मग तो मदत कुणाला करणार? म्हणून त्याला बाहेरून डू लागतो. 'हॅव यू ब्रॉट द ट्रक?' यात मागे 'ब्रॉट' आहे, म्हणून तिथे हॅव मदतनीस आणि तोच पुढे जातो.

आणि 'डझ ही हॅज' नाही हं. 'डझ ही हॅव'. काकांचं इंजिन आणि मोटर.

पारोळा_गुरुजी
माझं म्हणणं एवढंच की मुलाला 'हॅव यू अ पेन' चूक आहे असं सांगू नका. चूक नाही ते.

शिरपूरची_ताई
चूक नाही म्हणत, गुरुजी. पण सुरुवात करणाऱ्याला दोन वाटा दाखवल्या की तो तिसरीच पकडतो. 'डू हॅव यू' लिहिलेलं मी वहीत बघितलंय.

तापीकाठ_नंदुरबार
मग 'व्हॉट डू यू डू?' याचं काय? यात डू दोनदा. पहिला इंजिन, दुसरा डबा?

शिरपूरची_ताई
अगदी तसंच! पहिल्याला अर्थ नाही, दुसऱ्याचा अर्थ 'करणं'. तुम्ही काय करता, म्हणजे तुमचा कामधंदा काय. बघा, तुमचा 'डू म्हणजे का' आता कसा सुटला.

तापीकाठ_नंदुरबार
सुटला. पण मला एक अडलेलं सापडलं. परवा पोराच्या पुस्तकात वाचलं, 'हू कट द केक?' हा प्रश्न आहे, भूतकाळ आहे, मग 'हू डिड कट द केक' पाहिजे ना? छापण्यात चूक आहे की काय?

पारोळा_गुरुजी
छान पकडलंस. पुस्तक बरोबर आहे. 'कोण' हाच करणारा असेल तर डू लागत नाही. 'हू कट द केक?' केक कुणी कापला. इथे 'हू' कर्त्याच्याच जागेवर बसलाय, त्यामुळे काहीच पुढे सरकवावं लागत नाही आणि इंजिनाची गरजच पडत नाही. पण 'व्हॉट डिड यू कट?' तू काय कापलंस, इथे करणारा 'यू' आहे, म्हणून डिड आला. 'हू'च्या उत्तरातून करणारा मिळतो का, एवढंच तपासायचं.

तापीकाठ_नंदुरबार
म्हणजे 'हू कट द बंचेस?' घड कुणी कापले, आणि 'हू डिड यू सी?' तू कुणाला पाहिलंस. बरोबर?

पारोळा_गुरुजी
बरोबर.

केळीबाग_रावेर
मी हे सगळं वहीत उतरवलं. आता उत्तर देण्याचं सांगा. नुसतं 'येस' लिहिलं म्हणूनच माझा घोटाळा झाला असं मला वाटतंय.

शिरपूरची_ताई
तुम्हाला बरोबर वाटतंय. नुसतं येस-नो लिहू नका. निरोपात जो पहिला छोटा शब्द आहे तोच उत्तरात परत पाठवा. 'डू यू कट?' ला 'येस, वी डू' किंवा 'नो, वी डोन्ट'. 'आर यू कटिंग?' ला 'येस, वी आर' किंवा 'नो, वी आर नॉट'. 'हॅव यू कट?' ला 'येस, वी हॅव' किंवा 'नो, वी हॅव नॉट'. शब्द परत लिहिताना तो बघावाच लागतो, आणि बघितला की मनात मराठी उमटते.

त्या दिवशी 'येस, वी हॅव' लिहायला गेला असतात तर 'वी हॅव' म्हणजे पदरात आहे, कापून झालंय, हे हात थांबवून आठवलं असतं. आणि खात्री नसेल तर पूर्ण वाक्य पाठवा : 'वी हॅव नॉट कट द बंचेस. वी आर कटिंग टुमारो.' उद्याच्या ठरलेल्या गोष्टीला आयएनजी चालतं, आपण 'उद्या कापतोय' म्हणतो तसंच.

धुळ्याचा_पोर
मला एक विचारायचंय. आपण 'जेवलास का?' म्हणतो ते 'डिड यू ईट' की 'हॅव यू ईटन'? मराठीत तर एकच आहे.

शिरपूरची_ताई
दुपारी दीडला भेटून विचारतोय, जेवण झालंय की वाढू, तर 'हॅव यू ईटन?' कारण आत्ताच्या पोटाशी संबंध आहे. काल लग्नात जेवलास का, तर 'डिड यू ईट ॲट द वेडिंग यस्टरडे?' काल, परवा, मागच्या वर्षी असा संपलेला वेळ सांगितला की हॅव चालत नाही. 'आय हॅव ईटन यस्टरडे' ही आपल्याकडची फार नेहमीची चूक.

यार्डवाले_भुसावळ
माझा भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिकडे दुपारीही सर्रास 'डिड यू ईट?' विचारतात.

पारोळा_गुरुजी
तिकडे चालत असेल, पण परीक्षेत 'हॅव यू ईटन' लिहावं.

शिरपूरची_ताई
काका बरोबर सांगतायत, अमेरिकेत तसं बोलतात. त्यामुळे ऐकणाऱ्यानं दोन्ही ओळखावं. लिहायला कोणतं शिकवावं याबद्दल आमच्या शिक्षकांमध्येही एकमत नाही. मी 'हॅव' शिकवते, कारण मराठी मुलाला हॅवचीच सवय कमी असते.

चोपडा_दूधवाला
आमच्या डेअरीतल्या फलकावर लिहिलंय, 'मिल्क इज नॉट कम टुडे'. आज बघून आलो. 'मिल्क हॅज नॉट कम' पाहिजे ना? 'आलेलं नाही' म्हणून हॅज, आणि 'कम'चं तिसरं रूप पण 'कम'च.

शिरपूरची_ताई
शाब्बास, दादा! 'कम' पण 'कट'सारखाच फसवा. कम, केम, कम. तिसरं रूप पहिल्यासारखं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही नेमकं ओळखलंत.

चोपडा_दूधवाला
उद्या सकाळी खडूनं बदलतो.

केळीबाग_रावेर
आठ दिवसांनी लिहितेय. आज सकाळी अकराला नवीन निरोप आला. यात दोन छोटे शब्द होते : 'हॅव यू बीन कटिंग सिन्स मॉर्निंग?' आधी घाबरले. मग वही उघडली. हॅव आहे, म्हणजे मागे तिसरं रूप. 'बीन' हे बीचं तिसरं रूप. मग बीच्या मागे कटिंग, कारण करणारे आम्ही आहोत. म्हणजे सकाळपासून कापताय का, म्हणजे अजून चालू आहे का, असं मी लावलं. बरोबर का?

मी लिहिलं, 'येस, वी हॅव. वी हॅव कट 200 बंचेस. वी आर नॉट फिनिश्ड. डू नॉट सेंड ट्रक नाउ.' गाडी चारला आली. तोवर फण्या सोडवून, तुरटीच्या पाण्यातून काढून, सगळी खोकी भरून ठेवली होती.

शिरपूरची_ताई
अगदी बरोबर लावलंत. दोन मदतनीस असले की प्रश्नात फक्त पहिलाच पुढे जातो, दुसरा मागेच राहतो, म्हणून 'हॅव यू बीन' आणि 'हॅव बीन यू' नाही. उत्तरातही तुम्ही पहिलाच परत पाठवलात, 'वी हॅव'.

पारोळा_गुरुजी
सुनबाई, वाक्यं उत्तम. फक्त 'सेंड द ट्रक' लिहा, 'द' राहिला.

केळीबाग_रावेर
गुरुजी, 'द' कधी लावायचा ते मला अजिबात कळलेलं नाही. त्याचा नवीन धागा काढते.